माहितीपटातल्या माणसांचं संमतीपत्र: दिवाळे कोळीवाड्यातल्या एका मुलाखतीच्या निमित्ताने

समजा, बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात तुम्ही वीस-बावीस मिनिटांचा माहितीपट करताय. विषय खाडीतली मासेमारी. मुख्य पात्र म्हणजे रोज म्हावरं घेऊन बाजारात बसणाऱ्या साठीच्या एक मावशी. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांचा चौदा वर्षांचा नातू सुट्टीच्या दिवशी होडीवर जातो. गल्लीतल्या बायकांचा एक गट कोळीगीतं म्हणतो. बाजारात मागे पन्नास माणसं येता-जाताना दिसतात. आणि मुलाखतीच्या भरात मावशी बोलून जातात, की पुलाच्या कामाची नुकसानभरपाई आली ती दिराने परस्पर उचलली.

एवढ्याशा चित्रीकरणात परवानगीचे निदान चार-पाच वेगळे प्रश्न आहेत. इंटरनेटवरून उतरवलेला दोन पानी इंग्रजी रिलीज फॉर्म मावशींसमोर धरून अंगठा घेतला, तर यातला एकही सुटत नाही. उलट उद्या वाद झालाच तर तो कागद तुमच्याच विरुद्ध बोलतो: जिला मराठीही वाचता येत नाही, तिच्याकडून तुम्ही इंग्रजी मजकुरावर अंगठा घेतलात. न वाचता येणाऱ्या माणसाने केलेल्या दस्तावर कोणी हक्क सांगितला, तर मजकूर त्याला समजला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी न्यायालयं हक्क सांगणाऱ्यावर टाकतात. म्हणून इथे मावशींची मुलाखत मध्यभागी ठेवून कागद कसा करायचा ते पाहू. नातू, गाणं आणि गर्दी यांच्याकडे नंतर वळू.

कागद नेमकं काय काम करतो

या एका कागदात दोन कामं असतात. पहिलं खासगीपणाचं. २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. मावशींचा चेहरा, त्यांचं घर, घरातली भांडणं हे त्यांचं खासगी आयुष्य आहे आणि ते जगासमोर मांडायला त्यांनी तुम्हाला होकार दिला आहे, हे कागदाने दाखवायचं असतं.

दुसरं काम हक्काचं. माणूस कॅमेऱ्यासमोर गातो, नाचतो, व्याख्यान देतो तेव्हा कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे त्या सादरीकरणावर त्याचा स्वतःचा हक्क असतो, आणि तो पुढची पन्नास वर्षं टिकतो. साधी मुलाखत यात बसते का, यावर वकिलांत वाद होऊ शकतो. पण कागदावर दोन ओळी जास्त लिहिल्या की तो वाद तुमच्या दारात येत नाही.

हा कागद मागतं कोण? पोलीस नाही. मागतात ते टीव्ही वाहिन्या, ओटीटीवाले, वितरक आणि काही महोत्सव. फिल्ममधल्या प्रत्येक हक्काची साखळी ते तपासतात. फिल्म पूर्ण झाल्यावर त्यांनी यादी मागितली की मग धावपळ सुरू होते. तोवर मावशी गावाला गेलेल्या असतात, नाहीतर तुमच्यावर रुसलेल्या.

माझं ठाम मत आहे, की सही एकदाच घेतली तरी विचारायचं तीनदा: चित्रीकरणाआधी, मुलाखत झाल्या झाल्या, आणि कच्चं संकलन दाखवून. कारण तिन्ही वेळी माणसाला वेगवेगळी माहिती असते. आधी त्याला फक्त तुमचा हेतू माहीत असतो. मुलाखतीनंतर आपण काय बोललो ते माहीत असतं. आणि आपल्या बोलण्याचं तुम्ही काय केलंत, हे त्याला संकलन पाहिल्यावरच कळतं.

पहिल्यांदा: कॅमेरा पिशवीत असताना

पहिल्या भेटीत आल्या आल्या कागद काढू नका. बाजार उठल्यावर, मावशींना सवड असेल तेव्हा बसा आणि पाच गोष्टी तोंडी सांगा. आम्ही कोण आहोत आणि पैसा कोणाचा आहे. फिल्म कशाबद्दल आहे. तुमच्याकडून काय हवं आहे आणि त्यात किती वेळ जाईल. ती कोण कोण बघेल. आणि नको असेल तर नाही म्हटलेलं चालेल, त्याने काही बिघडणार नाही.

यातली चौथी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. ‘फिल्म ऑनलाइन प्रदर्शित होईल’ या वाक्यातून मावशींच्या हाती काही लागत नाही. त्यांना असं सांगा: “मावशी, हे यूट्यूबवर गेलं की तुमच्या सुनेच्या माहेरचे बघतील, बाजारातली गिऱ्हाइकं बघतील, सोसायटीचे लोक बघतील. कोणी मोबाइलवर उतरवून पुढे पाठवलं, तर मी माझ्याकडून काढून टाकलं तरी ते त्यांच्याकडे राहील.” हे ऐकून त्या गप्प झाल्या तर गप्प राहू द्या. त्या विचार करताहेत, आणि तोच विचार तुम्हाला हवा आहे.

निघताना मराठी मजकुराची प्रत त्यांच्याकडे ठेवा आणि ज्यावर त्यांचा विश्वास आहे अशा कोणाकडून तरी ती वाचून घ्यायला सांगा. माणूस त्यांनी निवडायचा. कोळीवाड्यात पुढे होऊन बोलणारा एखादा दादा, पंच किंवा सोसायटीचा पदाधिकारी असतोच, तो म्हणेल, “मी सांगतो त्यांना, तुम्ही काळजी करू नका.” त्यांच्याशी आदराने बोला, गावात काम करायचं तर त्यांचा होकारही लागतो. पण त्यांचा होकार हा मावशींचा होकार नव्हे. पंचांच्या शब्दाखातर बाई कॅमेऱ्यासमोर बसली, तर करार कायदा १८७२ च्या भाषेत तो अवाजवी दबाव ठरू शकतो, आणि अशी संमती नंतर रद्द करता येते.

चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेरा सुरू झाला की सगळ्यात आधी तोंडी संमती रेकॉर्ड करा. बहुतेक जण विचारतात, “तुमची परवानगी आहे ना?” आणि मावशी म्हणतात, “हो.” या ‘हो’चा उपयोग फार थोडा. त्याऐवजी तारीख, ठिकाण, नाव झाल्यावर विचारा: “मावशी, आम्ही हे कशासाठी करतोय, तुम्हाला काय वाटतं?” त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या. “खाडीत म्हावरा ऱ्हायला नाय, त्यावर तुमी पिक्चर काढताव” असं काही आलं तर त्यांना समजलं आहे. पण “तुमी हे वर दाखवलं की आमचे पैसे सुटतील” असं आलं, तर तिथेच थांबा. त्या तुम्हाला सरकारी माणूस किंवा संस्थेचा कार्यकर्ता समजताहेत. पुनर्वसन, भरपाई, साडेबारा टक्क्यांचे भूखंड यांच्या भोवती पिढ्यान्‌पिढ्या फॉर्म भरलेल्या नवी मुंबईच्या गावांत हा समज हमखास होतो. कोणी वही-पेन घेऊन आलं की काहीतरी मिळणार, किंवा काहीतरी जाणार, असंच इथल्या माणसाला वाटतं. तो गैरसमज तसाच ठेवून घेतलेला होकार टिकत नाही, आणि टिकूही नये. कॅमेरा बंद करून पुन्हा पहिल्यापासून सांगा.

दुसऱ्यांदा: मुलाखत संपल्यावर

अंगठा मुलाखतीनंतर घ्यावा. आधी घेतला तर मावशी कोऱ्या चेकवर सही करताहेत, कारण आपण काय बोलणार हे त्यांनाच ठाऊक नसतं. वाहिन्यांची निर्मिती व्यवस्थापक मंडळी उलट सांगतात: आधी सही, मग लाइट. त्यांची भीती खरी आहे, मुलाखत देऊन माणूस सही नाकारू शकतो. पण मग त्याचा अर्थ इतकाच, की त्या माणसाला ते बोलणं बाहेर जायला नको आहे.

खाली मजकूर देतोय. जाणीवपूर्वक असा लिहिला आहे, की मोठ्याने वाचला तर ऐकणाऱ्याला समजावा. कुठलंही वाक्य वाचताना तुमची स्वतःची जीभ अडखळली, तर ते बदला.

“मी ________, वय ____, राहणार ________. ________ हे खाडीतल्या मासेमारीवर माहितीपट करत आहेत. त्यासाठी दिनांक ________ रोजी माझे चित्रीकरण आणि मुलाखत झाली.

१. या चित्रीकरणातला माझा चेहरा, आवाज, नाव आणि बोलणे या माहितीपटात आणि या माहितीपटाच्या प्रसिद्धीसाठी वापरायला मी परवानगी देते. या वापरासाठी लागणारे माझे सादरीकरणाचे हक्क मी त्यांना देते.

२. माहितीपट महोत्सवात, टीव्हीवर, इंटरनेटवर, शाळा-कॉलेजात, सगळीकडे दाखवता येईल. ही परवानगी जगातल्या सर्व देशांसाठी आणि हक्कांची कायदेशीर मुदत संपेपर्यंत आहे. एका वर्षात वापर झाला नाही तरी ती संपणार नाही.

३. माझे बोलणे कापून लहान करता येईल. त्याचा अर्थ बदलेल अशी जोडणी करता येणार नाही.

४. हे चित्रीकरण दुसरी फिल्म, कोणत्याही वस्तूची जाहिरात किंवा राजकीय प्रचार यासाठी वापरायचे असेल तर मला पुन्हा विचारावे लागेल.

५. मी बोललेल्यापैकी पुढील गोष्टी वापरायच्या नाहीत: ________

६. कच्चे संकलन मला दाखवले जाईल. ते पाहिल्यापासून दहा दिवसांच्या आत मी माझा काही भाग किंवा सगळी मुलाखत काढायला सांगू शकते, आणि ती काढली जाईल. त्यानंतर फक्त माझ्या किंवा माझ्या घरच्यांच्या सुरक्षिततेला धोका निर्माण झाला तरच बदल केला जाईल.

७. यासाठी मला रुपये ________ मिळाले. मी काय बोलले याच्याशी या पैशांचा संबंध नाही.

८. या कागदाची एक प्रत मला मिळाली आहे. काही विचारायचे असेल तर फोन: ________”

खाली सही किंवा अंगठा, वाचून दाखवणाऱ्याचं नाव आणि सही, साक्षीदाराचं नाव आणि सही, तारीख, ठिकाण.

यातली काही कलमं नुसती उतरवून चालणार नाहीत, ती तशी का आहेत ते कळायला हवं.

दुसरं कलम थोडं कोरडं वाटतं, पण सगळ्यात जास्त फटका तिथेच बसतो. कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच दिला असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. शिवाय हक्क घेतल्यापासून वर्षभरात वापरला नाही आणि कागदात वेगळं काही म्हटलेलं नाही, तर तो परत देणाऱ्याकडे जातो. हेच नियम सादरीकरणाच्या हक्कालाही लागू आहेत. माहितीपटाचं संकलन वर्ष-दोन वर्षं सहज रेंगाळतं, आणि परदेशातला महोत्सव कधी दार ठोठावेल सांगता येत नाही. म्हणून मुदत, प्रदेश आणि एक वर्ष या तिन्ही गोष्टी लेखी हव्यात. मावशींना वाचून दाखवताना एवढंच सांगा, की ही फिल्म दुसऱ्या देशातही आणि खूप वर्षांनीही दाखवली जाईल.

सातव्या कलमातल्या पैशांबद्दल आपल्याकडे बराच संकोच आहे. कराराला मोबदला लागतो. त्याशिवायचा करार, काही अपवाद सोडले तर, कायद्याने टिकत नाही. म्हणून कित्येक फॉर्मवर ‘एक रुपया मिळाला’ असं छापलेलं असतं. एक रुपयाने करार रद्द होत नाही हे खरं. पण करार कायद्याच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात असंही म्हटलं आहे, की संमती मोकळेपणाने दिली होती का हे ठरवताना मोबदला किती अपुरा होता ते न्यायालय विचारात घेऊ शकतं. मावशींचा अर्धा दिवसाचा धंदा तुमच्यासाठी बुडाला असेल, तर तेवढी रक्कम द्या आणि तोच आकडा कागदावर लिहा. शक्यतो यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते. रक्कम सगळ्यांना एकाच हिशोबाने द्या. जो जास्त तावातावाने बोलला त्याला जास्त, असं झालं तर गावात दुसऱ्या दिवशी तावातावाने बोलणाऱ्यांची रांग लागते आणि तुमच्या फिल्मचा खरेपणा जातो.

या मजकुरात नसलेल्या एका कलमाबद्दल बोलायलाच हवं. तयार फॉर्मांत बहुधा अशी एक ओळ असते, की मुलाखत देणाऱ्याच्या बोलण्यामुळे निर्मात्यावर दावा झाला तर त्याची भरपाई मुलाखत देणाऱ्याने करायची. हे कलम मासळी विकणाऱ्या बाईच्या कागदावर असणं मला अन्यायाचं वाटतं. काय ठेवायचं आणि काय कापायचं हे निर्माता ठरवतो, पैसे आणि वकील त्याच्याकडे असतात, आणि जोखीम मात्र तिच्या माथी मारली जाते. वाहिनीने स्वतःचा फॉर्म दिला तर ही ओळ शोधा आणि खोडायला सांगा. न मानल्यास निदान ‘जाणूनबुजून खोटं सांगितल्यास’ एवढ्यापुरती ती आवळून घ्या.

अंगठा घेण्याची रीत

वाचून दाखवणारा तुमच्या टीममधला नको, आणि मावशींच्या भरपाईत वाटा असलेला नातेवाईकही नको. अंगणवाडीताई, शिक्षिका, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी चालेल. ती वाचत असताना कॅमेरा सुरू ठेवा. एकेक कलम झालं की थांबायचं आणि मावशींना काय समजलं ते विचारायचं. सगळा प्रकार पंधरा-वीस मिनिटांचा होतो.

कार्यालयीन रिवाजाप्रमाणे डाव्या हाताचा अंगठा घेतात. शाईचा पॅड सोबत ठेवा. पेनची शाई लावून घेतलेला ठसा नुसता डाग होतो, रेषा दिसत नाहीत. आणि मासळी सोलून झिजलेल्या हाताचा ठसा तसाही पुसट येतो, म्हणून हात धुऊन कोरडे करून घ्या. ठशाशेजारी लिहा: ‘निशाणी डावा अंगठा, श्रीमती अमुक यांचा. वरील मजकूर मी त्यांना मराठीत वाचून दाखवला, त्यांना तो समजला आणि त्यांनी माझ्यासमोर अंगठा केला.’ त्याखाली वाचणाऱ्याची सही आणि मग साक्षीदाराची. दोन प्रती करा, एक तिथल्या तिथे मावशींच्या हातात द्या. आधार कार्डाची झेरॉक्स मागू नका. या कामाला तिची गरज नाही, आणि भरपाईचे वाद चालू असलेल्या गावात आधारची प्रत परक्याच्या हाती देताना माणूस उगाच धास्तावतो.

पाचव्या कलमातली रिकामी जागा याच वेळी भरायची. विचारा, “आत्ता बोललात त्यातलं काही नको वाटतंय का?” मावशी थोडं थांबून म्हणतील, “त्या दिराचं घेऊ नका बाय.” ते त्यांच्या शब्दांत लिहा. त्यांनी असं म्हटलं नाही, तरी तुम्हीच तो विषय काढा. “दिरांनी पैसे उचलले असं तुम्ही म्हणालात, ते फिल्ममध्ये आलं तर घरात काय होईल?” हा प्रश्न विचारायची जबाबदारी तुमची आहे. संकलनाच्या टेबलावर ते वाक्य सोन्यासारखं वाटणार आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

स्टॅम्प पेपरचं काय? साध्या कागदावर केलेलं संमतीपत्र त्या कारणाने बेकायदा ठरत नाही. मुद्रांक लागू होत असूनही भरला नसेल तर न्यायालयात तो कागद पुरावा म्हणून ठेवताना शुल्क आणि दंड भरावा लागतो, इतकंच. जुन्या सवयीने लोक शंभरच्या स्टॅम्पबद्दल विचारतात. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा किरकोळ करारांचा मुद्रांक पाचशे झाला. मुख्य पात्रांपुरता तो करावा का, हे वकिलाला विचारून ठरवा. बाकीच्यांसाठी साधा कागद आणि वाचून दाखवतानाचा व्हिडिओ माझ्या मते पुरेसा आहे.

तिसऱ्यांदा: कच्चं संकलन दाखवून

फिल्म जवळजवळ आकाराला आली, पण चित्रसंकलन अजून कायम झालेलं नाही, अशा वेळी मावशींना दाखवा. लिंक पाठवू नका. लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी जा, आणि पहिल्यांदा त्यांना एकटीला दाखवा, मग त्यांना हवं तर घरच्यांना. सगळं घर जमवून पहिल्यांदा दाखवलं, तर त्यांना नको असलेलं वाक्य त्या सगळ्यांसमोरच ऐकतात आणि मग बोलता येत नाही.

त्यांना आक्षेप घेण्याचा हक्क आहे, संकलन करण्याचा नाही, हेही स्पष्ट सांगा. “माझा पदर नीट दिसत नाही” यावर तुम्ही दुसरा शॉट शोधाल, पण “माझ्याऐवजी माझ्या बहिणीला जास्त दाखवा” हे बंधनकारक नाही. दहा दिवसांची मुदत याचसाठी लिहिली आहे. मुदत उघडी ठेवली तर कुठलीही वाहिनी कागद स्वीकारणार नाही. मुदत संपताना त्याच कागदाच्या मागे एक ओळ लिहून घ्या: ‘दिनांक अमुक रोजी संकलन पाहिले, हरकत नाही’ आणि खाली पुन्हा अंगठा, साक्षीदारासह. ही ओळ हाती असली की वाहिनीच्या वकिलाची तक्रार उरत नाही.

आता दिराचं वाक्य. धरून चालू, की मावशींनी ते ठेवायला हरकत घेतली नाही. तरीही मावशींचा कागद दिराच्या बाबतीत काहीही करत नाही. संमती ज्याची त्यानेच द्यायची असते. दिराने पैसे हडपले असं ओळखू येईल अशा प्रकारे दाखवणं ही बदनामी ठरू शकते. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात ती गुन्हा आहे, शिवाय दिवाणी दावाही होऊ शकतो. दावा झाला तर त्यात मावशीही ओढल्या जातील. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. वाक्य काढून टाकणं. ‘भरपाई आली, पण माझ्या हातात काही पडलं नाही’ एवढाच भाग ठेवणं, ज्यात बोट कोणाकडेच जात नाही. किंवा दिराला भेटून त्यांची बाजू घेणं, कागदपत्रं तपासणं आणि ती फिल्ममध्ये मांडणं. तुमची फिल्म भरपाईच्या वाटपावर असती तर तिसरी वाट घ्यायलाच हवी होती. ती मासेमारीवर आहे, तेव्हा दुसरी वाट पुरते.

नातू

भारतात अठरा पूर्ण होईपर्यंत माणूस करार करू शकत नाही. त्याची सही असलेला करार रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच मोहोरी बीबी खटल्यात ठरवून टाकलं आहे. म्हणून नातवाचा कागद पालकांनी करायचा. इथे हमखास गफलत होते: मावशी समोर आहेत, मुलगा त्यांच्याकडेच राहतो, म्हणून त्यांचाच अंगठा घेतला जातो. पण आजी ही कायद्याने नैसर्गिक पालक नाही. हिंदू कुटुंबात तो अधिकार आई-वडिलांचा. शक्य असेल तर दोघांच्याही सह्या घ्या. आई-वडील वेगळे राहत असतील तर त्याची गरज आणखीच वाढते.

कागदावर सही पालकांची असली तरी विचारायचं मुलालाही. त्याच्यासाठी चार ओळींची वेगळी चिठ्ठी करा आणि त्याला ती वाचू द्या. तो म्हणाला, “मला होडीवर दाखवा, पण शाळेचं नाव नको,” तर तेही त्यावर लिहा. मुलं सहसा चेहऱ्याला घाबरत नाहीत. वर्गातली पोरं काय म्हणतील याला घाबरतात. तो अठरा वर्षांचा झाल्यावर फिल्म अजून चालू असेल तर जुन्या कागदावर ‘मला मान्य’ असं लिहून घेऊन चालत नाही, कारण अठराच्या आत केलेला करार नंतर मान्य करून जिवंत होत नाही. नवा कागद, नवा मोबदला.

काही ठिकाणी पालकांची सहीसुद्धा कामाची नाही. मूल एखाद्या गुन्ह्यात अडकलेलं असेल, अत्याचाराचं बळी किंवा साक्षीदार असेल, किंवा बालकल्याण समितीच्या देखरेखीखाली असेल, तर बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम आणि पॉक्सो कायद्याचं २३ वं कलम त्याची ओळख उघड करायला मनाई करतात. तिथे चेहरा झाकून भागत नाही. शाळा, गल्ली, आजीचा चेहरा यांवरूनही मूल ओळखू येतं.

गाणाऱ्या बायका आणि बाजारातली गर्दी

गाण्याच्या गटातल्या म्होरक्या बाईंची एकच सही घेऊन लोक मोकळे होतात. सादरीकरणाचा हक्क प्रत्येक गाणारीचा वेगळा आहे. एकाच कागदावर सगळ्यांची नावं आणि सह्या घ्या, म्हणजे काम हलकं होतं. मग विचारा, गाणं कोणाचं? पिढीजात चालत आलेलं असेल तर प्रश्न मिटला. पण कोळीगीतांत नवी रचनाही भरपूर होते. शब्द गटातल्याच एखादीने रचलेले असतील तर तिचा कवी म्हणून वेगळा हक्क आहे, आणि कॅसेट-सीडीवर आलेलं गाणं असेल तर तो हक्क भलत्याच कंपनीकडे असू शकतो. त्या कंपनीचं गाणं या बायकांच्या सहीने तुम्हाला मिळत नाही. प्रसिद्ध गाणं सुरू झालंच तर गप्पा, हसणं, टाळ्या घ्या आणि दुसरं गाणं म्हणायला सांगा.

बाजारातल्या गर्दीसाठी दोन्ही टोकांना ठळक मराठी-हिंदी फलक लावा: चित्रीकरण सुरू आहे, कोणत्या फिल्मसाठी, नको असल्यास कोणाला सांगायचं. हा फलक फक्त जाता-येता दिसणाऱ्यांसाठी आहे. कॅमेरा ज्याच्यावर थांबला, जो बोलला, किंवा ज्याच्याबद्दल निवेदनात काही म्हटलं, त्याचा कागद हवाच. बाजाराची जागा आणि जेट्टी यांची परवानगी हा वेगळा कागद; तो जागेच्या मालकाकडून, म्हणजे महापालिका किंवा संबंधित मंडळाकडून घ्यायचा.

कागद ठेवायचे कसे

प्रत्येक कागदावर चित्रीकरणाची तारीख आणि कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डाचा क्रमांक लिहा, आणि मावशींनी तो कागद हातात धरलेला एक फोटो काढा. सहा महिन्यांनी संकलकासमोर साडीवरून माणूस ओळखायची वेळ येते, तेव्हा या फोटोनेच काम होतं. पाचव्या कलमात जे ‘नको’ म्हटलं आहे ते संकलकाच्या यादीत लाल रंगात लिहा आणि ती फाइल उघडताच दिसेल अशी ठेवा. ‘नको’ असलेलं वाक्य फिल्ममध्ये शिरतं ते बहुधा ट्रेलर कापताना, कारण ट्रेलर दुसराच कोणीतरी कापतो आणि त्याने कागद पाहिलेले नसतात.

मूळ कागद, स्कॅन आणि वाचून दाखवतानाचा व्हिडिओ तीन वेगळ्या जागी ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीविषयीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. त्यात संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे असं आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. म्हणून आठव्या कलमातला फोन नंबर तुमच्या प्रॉडक्शन असिस्टंटचा देऊ नका. तो पुढच्या फिल्मवर निघून जातो. तुमचा स्वतःचा द्या, आणि नंबर बदलला तर दिवाळ्याला जाऊन मावशींच्या प्रतीवर नवा लिहून या.